स्टिकी बिट कुठे हरवला?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या छोट्या युनिटमध्ये एका मायक्रोकंट्रोलरसाठी बेरजेचं फंक्शन लिहिणं चालू होतं. त्या चिपमध्ये फ्लोटिंग पॉइंटचं हार्डवेअर नाही. उत्तरं संगणकाशी ताडली तर बहुतेक जुळायची, थोडी मात्र शेवटच्या एका बिटाने चुकायची. खानापूरहून रोज येणारा आमचा नवा सहकारी म्हणाला, "सर, एवढा फरक राउंडिंगमुळे येणारच ना?" मला ते पटेना. IEEE 754 या फ्लोटिंग पॉइंटच्या मानकात बेरजेचं उत्तर शेवटच्या बिटापर्यंत ठरलेलं असतं.

चुकलेली सगळी उत्तरं खरी बेरीज व्हायला हवी त्यापेक्षा एका बिटाने लहान होती आणि त्यांचा शेवटचा बिट 0 होता. इथेच मला संशय आला. संख्या दोन शक्य उत्तरांच्या नेमकी मधोमध आली की शेवटचा बिट 0 असलेलं, म्हणजे सम उत्तर घ्यायचं असा नियम आहे. मधोमध नसलेली संख्या कुणीतरी मधोमध समजून सम बाजूला ढकलत होतं.

मी चार बिटांचं छोटं उदाहरण कागदावर घेतलं: 1.000 मध्ये 1.001 × 2^-4 मिळवायचं. दुसरी संख्या चार घरं उजवीकडे सरकवली की 0.0001001 होते, आणि बेरीज 1.0001001. ठेवायचे बिट 1.000. त्यापुढचा पहिला बिट गार्ड 1, दुसरा राउंड 0, आणि त्याखालचे 01. स्टिकी म्हणजे या उरलेल्या सगळ्यांचा OR, म्हणजे 1. बेरीज मधल्या बिंदूच्या किंचित वर आहे, म्हणून उत्तर 1.001 हवं. दशमानात बघा: बेरीज १.०७०३१२५, मधला बिंदू १.०६२५. आमचं फंक्शन मात्र 1.000 देत होतं.

मग सरकवण्याचा लूप उघडला.

```c
while (d--) {
    s = x & 1;
    x >>= 1;
}
```

`x` मध्ये गार्ड-राउंडसाठी दोन घरं आधीच जोडलेली होती: 100100. चार वेळा सरकवताना खाली पडलेले बिट क्रमाने 0, 0, 1, 0. तिसऱ्या वेळी `s` एक झाला आणि चौथ्या वेळी पुन्हा शून्य! `s |= x & 1;` केलं की एकदा लागलेला 1 पुसला जात नाही.

"मग राउंड बिट कशाला? गार्ड आणि स्टिकी पुरे नाहीत का?" त्याने विचारलं. प्रश्न फार चांगला होता. त्याच संख्यांची वजाबाकी करून दाखवली. दोनच बिट ठेवले तर 1.00000 − 0.00011 = 0.11101. सामान्य रूपात आणायला एक घर डावीकडे सरकवलं की 1.1101, आणि स्टिकीच गार्डच्या जागी येऊन बसतो. आता हे नेमकं मधोमध आहे की वर, हे कळायला काही उरत नाही. सम नियमाने 1.110 निघतं, खरं उत्तर 1.111 × 2^-1. मध्ये राउंड बिट असला की 1.000000 − 0.000101 = 0.111011, सरकवल्यावर 1.11011. गार्ड 1, खाली अजून 1, म्हणून वर जायचं.

दुरुस्तीनंतर चुकलेल्या जोड्या पुन्हा चालवल्या. सगळ्या जुळल्या. वजाबाकीच्या जोड्यांची वेगळी चाचणी त्याने स्वतःहून लिहायला घेतली.