युरियाचा मोलर मास 57 का येतो? माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला अननोन सोल्युटचा मोलर मास काढायचा होता, आधी उत्कलनबिंदूवरून, मग गोठणबिंदूवरून. पुण्यात हे करणाऱ्यांसाठी लिहितेय, कारण मॅन्युअलमधल्या एका ओळीने आमचा जो वेळ खाल्ला त्याचा राग अजून आहे.

उकळण्याचं आधी सांगते. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी 98 च्या आसपासच उकळतं. म्हणून पुस्तकातलं 100 धरायचं नाही, शुद्ध पाण्याचं रीडिंग त्याच थर्मामीटरवर घ्यायचं, आणि सोल्युशनच्या अगदी लगेच आधी किंवा नंतर घ्यायचं, कारण हवेचा दाब एक मिमी बदलला की उत्कलनबिंदू 0.037 ने हलतो आणि सकाळी दहा ते दुपारी चारमध्ये दाब दोन-तीन मिमी सहज उतरतो. आमचं सोल्युशन 50 ग्रॅम पाण्यात 1.2 ग्रॅमचं, त्याला उत्कलनबिंदूची वाढ फक्त 0.2 च्या आसपास मिळते. म्हणजे सकाळचं पाणी आणि दुपारचं सोल्युशन असं केलंत तर अर्ध्याच्या जवळपास उत्तर हवेचंच असतं.

गोठणबिंदू दाबाने असा हलत नाही, शिवाय पाण्याचा Kf 1.86 आणि Kb 0.51, म्हणजे त्याच सोल्युशनला साडेतीन पटीहून मोठा फरक मिळतो. म्हणून वाटलं आता सुटलो. आणि अडकलो ते इथेच.

बेकमन थर्मामीटरवर शुद्ध पाणी 5.20 ला गोठलं. (बेकमनवर खरं तापमान वाचायचं नसतं, फक्त फरक.) सोल्युशनचा पारा मात्र खाली खाली जात राहिला, थेट 0.4 पर्यंत, तरी बर्फाचा पत्ता नाही. मग एकदम ट्यूब पांढरी झाली आणि पारा झपकन वर चढून 4.42 ला थांबला. मॅन्युअल म्हणतं, 'वर चढून स्थिर झालेलं तापमान गोठणबिंदू म्हणून नोंदवा'. नोंदवलं. फरक 0.78.

M = (1000 × 1.86 × 1.2) / (0.78 × 50) = 57.2

सरांनी जर्नल परत दिलं. अननोन युरिया होता, यायला हवं होतं 60. परत केलं, परत 57. सर म्हणाले, "अगं, आधीच्या बॅचचंही सत्तावन्नच आलंय." मग कोणीतरी ती ओळ बदलायला नको होती का? वजन तपासा, पाणी तपासा, थर्मामीटर एकच म्हणून पुढच्या टर्नची वाट बघा, यात किती प्रॅक्टिकल्स गेली.

कारण असं आहे. सोल्युशन चार डिग्री ओव्हरकूल झालं की बर्फ बनताना सुटणारी उष्णता आधी ते अख्खं सोल्युशन वर आणण्यात खर्च होते. एक ग्रॅम पाणी एक डिग्री तापवायला 4.18 ज्यूल, एक ग्रॅम गोठताना सुटतात 334, म्हणजे चार डिग्री भरून काढायला जवळपास पाच टक्के पाणी गोठावं लागतं. युरिया त्या बर्फात जात नाही, उरलेल्या पाण्यातच राहतो, म्हणजे पारा वर थांबतो तोवर सोल्युशन पाच टक्के घट्ट झालेलं असतं आणि फरकही तेवढाच जास्त दिसतो. 57 तिथूनच येतं. शुद्ध पाण्याला हा त्रास नाही, कितीही ओव्हरकूल करा, ते परत त्याच आकड्याला येतं, म्हणून शंका येत नाही.

उपाय लॅबमधल्या मामांनी सांगितला, "मीठ कमी घाला, आणि बर्फाचा कण टाका." आमचं बर्फ-मिठाचं बाथ उणे 12 ला होतं, ते उणे 4 वर ठेवलं. पारा अपेक्षित आकड्याच्या अर्धा डिग्री खाली गेला की डिस्टिल्ड वॉटरच्या बर्फाचा अगदी बारीक कण ट्यूबमध्ये सोडायचा, लगेच गोठायला लागतं. यावेळी 4.45, फरक 0.75, उत्तर 59.5. सही मिळाली! खूप बरं वाटलं, खरंच.

कण टाकणं जमलं नाही तर दर अर्ध्या मिनिटाला रीडिंग घेऊन ग्राफ काढा, बर्फ बनायला लागल्यानंतरची हळू उतरणारी रेघ मागे वाढवून सुरुवातीच्या थंड होण्याच्या रेघेला जिथे मिळेल तो गोठणबिंदू.

हो, आणि आतल्या ट्यूबभोवतीची हवेची बाहेरची ट्यूब काढू नका, थेट बाथमध्ये धरली की काठावर आधी गोठतं.

पॉलिमर दिला असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. 50,000 मोलर मासचा पॉलिमर लिटरला 5 ग्रॅम घेतला तर पाण्यात गोठणबिंदू 0.0002 ने उतरेल, बेकमनवर ते दिसणारच नाही. त्याच सोल्युशनचा परासरण दाब मात्र अडीच सेंटीमीटर पाण्याच्या उंचीएवढा भरतो, पट्टीने मोजता येतो. फक्त तिथे एकाच कॉन्सन्ट्रेशनवर थांबायचं नाही, चार-पाच घ्यायची, दाब भागिले कॉन्सन्ट्रेशन या आकड्याचा कॉन्सन्ट्रेशनविरुद्ध ग्राफ काढून रेघ शून्य कॉन्सन्ट्रेशनपर्यंत न्यायची आणि तिथला आकडा वापरायचा.