सळई कुठेच गेली नव्हती

स्लॅब दुसऱ्या दिवशी भरायचा होता आणि कंत्राटदाराने मला फोनवर थेट निकालच सांगितला. "साहेब, साईटवरून सोळा मिलिमीटरची सळई चोरीला गेलीय. हिशोबाने पुरायला हवी होती, आणि फिटर म्हणतोय संपली. वॉचमनला मी काढून टाकतोय." मी त्याला म्हणालो, मी येईपर्यंत कुणालाही काही बोलू नका. सेंट्रिंगवर चढलो तर फिटर मिस्त्री गप्प बसले होते आणि खाली वॉचमन गेटपाशी उभा होता. दोघांनाही आपल्यावर संशय आहे हे कळलेलं होतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

स्लॅब साधा होता. १० मीटर बाय ८ मीटर, जाडी १२५ मिलिमीटर. लांबीच्या दिशेने तीन बीम, रुंदीच्या दिशेने तीन, सगळे २३० बाय ४५०. बीमच्या सहा ओळींची एकूण लांबी ५४ मीटर.

कंत्राटदाराच्या नव्या इंजिनिअरने अंदाज एका कागदावर नीट मांडला होता. मी आधी काँक्रीट तपासलं. स्लॅब ८० चौरस मीटर गुणिले ०.१२५, म्हणजे १० घनमीटर. बीमची ४५० खोली धरताना त्याने वरचे १२५ वजा केले होते, कारण तेवढा भाग स्लॅबमध्ये आधीच मोजला गेला आहे. खाली लोंबणारा भाग उरतो ३२५ मिलिमीटर. बीम एकमेकांना नऊ ठिकाणी छेदतात, तिथली दुहेरी मोजणी काढली की ५४ मीटरचे साधारण ५२ मीटर होतात. ०.२३ गुणिले ०.३२५ गुणिले ५२, म्हणजे ३.९ घनमीटर. एकूण १३.९. वाया जाण्याचं थोडं धरून त्याने साडेचौदा घनमीटरची ऑर्डर दिली होती. यात चूक काढायला जागा नव्हती. बरेच जण इथे ४५० ची पूर्ण खोली धरतात आणि दीड-पावणेदोन घनमीटर काँक्रीट जास्त मागवतात. या मुलाने ते टाळलं होतं.

मग सळई. स्लॅबला घनमीटरमागे ८० किलो, बीमला १४० किलो. स्लॅबचे ८०० किलो, बीमचे ३.९ गुणिले १४०, म्हणजे ५४६ किलो. या ५४६ मधली तीन चतुर्थांश सोळाची आणि बाकीची मुख्य सळयांभोवतीच्या रिंगांसाठी आठची, असे भाग पाडून सोळाच्या १२ मीटरच्या २२ सळया आणल्या होत्या. आकडे ओळखीचे, गुणाकार बरोबर. तरी सळई कमी पडलेली.

मी कागद बाजूला ठेवला आणि मिस्त्रींना म्हणालो, "चला, बांधलेला एक बीम मला मीटरवर मोजून दाखवा." खाली तीन आणि वर दोन सळया सलग, सगळ्या सोळाच्या. व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले १६२ केलं की मीटरचं वजन किलोत मिळतं. सोळाचे २५६ भागिले १६२, म्हणजे १.५८ किलो. पाच सळयांचे ७.९ किलो. आधारांवर वरच्या बाजूला दोन जादा सळया होत्या, पण त्या साधारण निम्म्या लांबीतच, म्हणून सरासरी १.६ किलो. सळया जोडताना एकमेकींवर चढवलेला लॅप आणि टोकाची वळणं, यांचे ०.९ किलो. मीटरमागे सोळाची सळई १०.४ किलो झाली. आठच्या रिंगा दर दीडशे मिलिमीटरवर, त्यांचे साडेतीन किलो. एकूण जवळपास १४ किलो.

सहापैकी चार ओळी बांधून झाल्या होत्या: १० मीटरच्या तिन्ही आणि ८ मीटरची एक. ३८ मीटर गुणिले १०.४, म्हणजे ३९५ किलो. २२ सळयांचं वजन, एकीचं १८.९६ किलो धरून, ४१७ किलो. राहिले २२ किलो. कोपऱ्यात एक अख्खी सळई आणि काही तुकडे पडले होते. आलेली सळई सगळी जागेवर होती. मी वॉचमनला वर बोलावलं आणि कंत्राटदारासमोरच सांगितलं, एकही सळई गेलेली नाही.

"मग हिशोब का चुकला?" तो नवा इंजिनिअर विचारत होता. त्याचा चेहरा उतरला होता. मी त्याला खाली बसवून दाखवलं.

१ घनमीटर पोलादाचं वजन ७८५० किलो, म्हणून १ टक्का सळई म्हणजे काँक्रीटच्या घनमीटरमागे ७८.५ किलो. स्लॅबचे ८० आले ते यातूनच. बीमला पावणेदोन-दोन टक्के धरतात, त्यातून १४० च्या आसपासचा आकडा येतो. पण हे टक्के बीमच्या पूर्ण छेदावर असतात, २३० बाय ४५० वर. काँक्रीट मोजताना वरचे १२५ मिलिमीटर स्लॅबच्या खात्यात गेले, पण बीमच्या वरच्या सळया तिथेच असतात आणि रिंगाही वरपर्यंत जातात. काँक्रीट वजा झालं, सळई वजा होत नाही. छेदणाऱ्या जागांचंही तसंच: तिथलं काँक्रीट एकदाच भरतं, मुख्य सळया मात्र दोन्ही बीमच्या आरपार जातात. म्हणून सळईसाठी लांबी ५४ मीटरच धरायची आणि खोली ४५० च. ०.२३ गुणिले ०.४५ गुणिले ५४, म्हणजे ५.६ घनमीटर, गुणिले १४० केले की ७८० किलोच्या पुढे. मोजलेले १४ किलो गुणिले ५४ केले तर ७५६. दोन्ही उत्तरं एकमेकांजवळ बसतात, आणि ५४६ यांच्यात कुठेच बसत नाही.

बीम जितका उथळ तितकी ही चूक मोठी होते. ४५० च्या बीमला १२५ चा स्लॅब खोलीचा २८ टक्के भाग खातो. ३०० च्या बीमला तोच स्लॅब ४२ टक्के खातो. खोल बीमवर काम करणाऱ्याला ही तूट कापाकापीत गेली असं वाटून ध्यानातही येत नाही.

आठची सळई कमी पडल्याचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण मिस्त्रींनी रिंगांसाठी स्लॅबच्या गठ्ठ्यातली सळई वापरली होती. मला धास्ती होती की तूट शेवटी स्लॅबच्या वरच्या सळयांवर येईल. त्या आधारांवरच्या सळया घाईत सर्वात आधी विरळ होतात आणि नंतर नेमके तिथेच तडे जातात. ड्रॉइंगवरून स्लॅबची सळई मोजली तर चौरस मीटरला सव्वानऊ किलोच्या आसपास आली, म्हणजे घनमीटरला ७४. आठशेच्या अंदाजात थोडा सैल भाग होता, आणि रिंगांची तूट त्यात भागली.

सोळाच्या आठ सळया जादा मागवल्या. कंत्राटदाराला उरलेल्या दोन ओळी कमी सळयांवर भागवायच्या होत्या, "भिंतच तर आहे खाली" म्हणत. मी सही करायला नकार दिला. काँक्रीट एक दिवस पुढे ढकललं गेलं. सळया सकाळी आल्या, मिस्त्रींनी त्या संध्याकाळपर्यंत बांधल्या, आणि तपासताना मी दोन्ही ओळींतल्या सळया पुन्हा मोजून घेतल्या.

त्या इंजिनिअरच्या कागदावर आता बीमच्या खोलीचे दोन वेगळे रकाने आहेत: काँक्रीटसाठी ३२५, सळईसाठी ४५०. १४० चा आकडाही तो पहिल्या ऑर्डरपुरताच वापरतो. लांब गाळा, छज्जा किंवा वर भिंतीचा भार असला की एक मीटर बीम ड्रॉइंगवरून मोजतो आणि मगच गुणतो.