फ्रिजचं बिल आणि हवेत राहिलेले ५,००० रुपये

गिफ्ट कार्डातून पैसे कापले गेले आणि बिल मात्र झालं नाही, की दुकान म्हणतं कार्ड काढणाऱ्या कंपनीला विचारा आणि कंपनी म्हणते दुकानाला विचारा. या दोघांच्या मध्ये आमचे ५,००० रुपये आखाजीच्या दिवसांत अडकले होते. शेवटी ते सुटले. पण सोडवताना जे काही करावं लागलं ते कुणीही आधी सांगत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. आता आपल्याकडेही नोकरीतल्या बक्षिसापासून लग्नाच्या अहेरापर्यंत गिफ्ट कार्डांचे हे कोड सर्रास येतात, त्यामुळे कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला आहे. कंपनीने त्याला कामाचं बक्षीस म्हणून १५,००० रुपयांची गिफ्ट कार्डं दिली आणि त्याने ती आईच्या फ्रिजसाठी माझ्याकडे पाठवली. कार्ड म्हणजे प्लास्टिकचं काही नाही. ईमेलमध्ये एक लिंक, ती उघडली की सोळा आकडी नंबर, सहा आकडी पिन आणि मुदतीची तारीख. कार्डं दोन होती, एक १०,००० चं आणि एक ५,००० चं. एकच का नाही, असं आईने विचारलं. त्याचं कारण रिझर्व्ह बँकेचा नियम. अनेक दुकानांत चालणारं असं गिफ्ट कार्ड एका वेळी जास्तीत जास्त १०,००० रुपयांचंच काढता येतं, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि त्यातून रोख रक्कमही काढता येत नाही. मुदत किमान एक वर्षाची असावी लागते. एखाद्या दुकानाने फक्त स्वतःच्याच मालासाठी काढलेलं कार्ड या नियमांत येत नाही. तिथे त्या दुकानाच्या अटी चालतात, त्या आधी वाचून घ्या.

फ्रिज जळगावला एका मोठ्या शोरूममध्ये पसंत केला. किंमत १८,४९०. हिशेब सोपा होता: दोन कार्डांचे १५,००० आणि वरचे ३,४९० मी यूपीआयने देणार. दुकान निवडणं, मॉडेल ठरवणं, घरपोच पाठवायचं ठरवणं, सगळं झटपट झालं. कार्ड चालतं का हे आधी फोनवर विचारून घेतलं होतं. ते तुम्हीही विचारा, कारण यादीत ब्रँडचं नाव असलं तरी त्याच्या प्रत्येक शाखेत कार्ड चालेलच असं नाही.

काउंटरवरच्या मुलीने पहिला नंबर टाकला, पिन टाकला, रकमेच्या रकान्यात १०,००० लिहिले. लगेच ‘यशस्वी’ आलं आणि बिलात १०,००० जमा दिसले. मग दुसरं कार्ड. ५,००० टाकून तिने बटण दाबलं आणि स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत राहिलं. तेवढ्यात नेट गेलं. परत आलं तेव्हा बिलात त्या ५,००० चा पत्ता नव्हता. तिने तोच नंबर पुन्हा टाकला, तर उत्तर आलं `Insufficient balance`.

“ताई, तुमच्या कार्डात पैसेच नाहीत,” ती म्हणाली.

इथे जरा थांबून आत काय होतं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढची भांडणं कळणार नाहीत. त्या सोळा आकड्यांत पैसे नसतात. पैसे कार्ड काढणाऱ्या कंपनीच्या खतावणीत असतात, नंबर हा त्या खात्याचा पत्ता आणि पिन ही किल्ली. काउंटरवरून नंबर, पिन आणि रक्कम त्या कंपनीच्या सर्व्हरकडे जाते. सर्व्हर शिल्लक बघतो, रक्कम वजा करतो आणि मंजुरीचा एक क्रमांक परत पाठवतो. तो क्रमांक पोचला की दुकानाचं बिल पुढे सरकतं. आमच्या बाबतीत विनंती तिकडे पोचली, रक्कम वजा झाली, आणि मंजुरी परत येताना वाटेत नेट तुटलं. अशा वेळी दुकानाच्या सॉफ्टवेअरने आपणहून ‘तो व्यवहार उलटवा’ असा निरोप पाठवायचा असतो. नेटच नव्हतं, त्यामुळे तो निरोपही गेला नाही.

मी तिथेच उभी राहून मोबाइलवर कार्डाची शिल्लक बघितली. शिल्लक शून्य आणि खाली त्याच दिवशीची, त्याच मिनिटाची ५,००० ची नोंद, शेजारी त्या शोरूमचं नाव. त्या पानाचा वेळेसकट स्क्रीनशॉट काढला. पुढे सगळी लढाई त्या एका स्क्रीनशॉटवर लढले. शिल्लक बघताना ईमेलमध्ये दिलेल्या लिंकवरूनच बघा. गुगलवर ‘गिफ्ट कार्ड बॅलन्स’ शोधून निघणाऱ्या पानावर नंबर आणि पिन टाकला, तर तो कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही.

मॅनेजर म्हणाले, बिल रद्द करू, उद्या सगळं नव्याने करू. मी नाही म्हटलं, आणि ते अगदी योग्य केलं असं मला आजही वाटतं. बिल रद्द म्हणजे पहिल्या कार्डाचे १०,००० सुद्धा परत फिरवावे लागणार. त्याच दुकानात कळलं की मशीनवरून असं रद्द करणं त्याच दिवशीच्या हिशेबात होतं. रात्री दिवसाचा हिशेब बंद झाला की काउंटरच्या हातात काही राहत नाही, मग कंपनीकडे लेखी मागणी करावी लागते. नेटची ती अवस्था बघता ५,००० च्या जोडीला १०,००० अडकवायची माझी तयारी नव्हती. वर आखाजीचं ऊन, घरी आईचा जुना फ्रिज बंद. मी १०,००० तसेच ठेवून ८,४९० यूपीआयने भरले आणि मॅनेजरकडून बिलाच्या मागे लिहून घेतलं: अमुक वेळी ५,००० चं कार्ड लावलं, बिलात जमा झालं नाही, ग्राहकाने ती रक्कम वेगळी भरली. सही आणि शिक्का. सहीला ते कुरकुरले, पण मी हलले नाही.

घरी आल्यावर आईने एवढंच विचारलं, “मंग ते पैसा ग्यात कथा?”

पैसे गेले कुठे, हाच प्रश्न मी कस्टमर केअरला विचारत राहिले. त्यांचं उत्तर ठरलेलं: कार्ड वापरलं गेलं आहे, दुकानाशी बोला. दुकानाचं उत्तर: आमच्याकडे आलंच नाही, कंपनीशी बोला. त्यात कार्ड भावाच्या मोबाइलवर नोंदलेलं, म्हणून ओटीपी त्याला जायचा, तो मीटिंगमध्ये असायचा आणि माझा फोन तिकडून कापला जायचा. एकदा तर पलीकडचा माणूस म्हणाला, पिनसकट पूर्ण ईमेल फॉरवर्ड करा. मी साफ नकार दिला. तक्रारीला कार्डाचा नंबर, वेळ आणि रक्कम पुरते. पिन म्हणजे रोख पैसे, तो कुणालाही देऊ नका, त्यांच्या माणसालाही नाही.

गाठ सुटली ती वेगळ्याच ठिकाणी. शोरूममधल्या अकाउंट सांभाळणाऱ्या काकांना मी गाठलं. त्यांनी समजावलं ते असं: कार्ड काढणारी कंपनी दुकानाला पैसे देते ते ठरावीक दिवसांनी, सगळे व्यवहार एकत्र करून. त्यामुळे कंपनीच्या खतावणीत ‘दुकानाला ५,००० देणे’ असं बसलं होतं आणि दुकानाच्या त्या दिवसाच्या रिपोर्टात गिफ्ट कार्डाखाली माझ्या बिलाचे फक्त १०,००० होते. कंपनीने ते ५,००० तसेच दिले असते, तर १८,४९० च्या फ्रिजचे दुकानाला २३,४९० मिळाले असते. त्यामुळे ‘हे ५,००० आमचे नाहीत, आम्ही ते मागणार नाही’ असं दुकानाने कंपनीला लेखी कळवलं की कंपनीला ते परत कार्डात टाकायला अडचण उरत नाही. ग्राहकाने कितीही ओरडून सांगितलं तरी हा कागद दुकानाकडूनच जावा लागतो. कस्टमर केअरमधल्या कुणालाही हे एक वाक्य मला सांगता आलं नाही, याचा मला जास्त संताप आहे.

काकांनी माझ्यासमोर दिवसाचा रिपोर्ट जोडून ईमेल पाठवला, त्यात भावाला आणि मलाही घेतलं. भावाने त्याच ईमेलला उत्तर देत तक्रार नोंदवली आणि त्यात रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाचा उल्लेख केला. त्यात प्रीपेड कार्डांबद्दल स्पष्ट आहे: कार्डातून पैसे वजा झाले आणि दुकानाला मंजुरी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत रक्कम परत जमा व्हायला हवी आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायला हवी. या ओळीनंतर ‘दुकानाशी बोला’ हे उत्तर बंद झालं. ५,००० त्याच कार्डात परत आले, मुदत मूळचीच. भरपाई आपणहून आली नाही, भावाने पुन्हा लिहिल्यावर दिली.

कुणाकडे तक्रार करायची हेही नीट बघा. कार्डावर ज्या ब्रँडचं नाव मोठं छापलेलं असतं त्याच्याकडे पैसे असतीलच असं नाही. ईमेलच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘हे कार्ड अमुक कंपनीने काढले आहे’ असं असतं, तीच तुमची कंपनी. तिने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. दुकानाच्या स्वतःच्या कार्डासाठी हा रस्ता नाही, त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

परत आलेले ५,००० लावून कूलर घेतला, दुसऱ्या दुकानातून. या वेळी काउंटरवर आधी शिल्लक तपासायला लावली, नेट नीट चालतंय ना ते विचारलं आणि कार्ड सगळ्यात आधी लावून घेतलं. यूपीआय शेवटी. कार्ड अडकलं तर उरलेली रक्कम तरी आपल्या हातात असते. ऑनलाइन खरेदीत एक फरक आहे: काही ठिकाणी कोड आधी आपल्या खात्यात जमा करावा लागतो. तो एकदा जमा झाला की दुसऱ्याच्या खात्यात हलवता येत नाही, म्हणून कोड टाकण्याआधी लॉगिन कुणाचं आहे ते बघा.

आणि फ्रिज घरी आला म्हणून ते ईमेल उडवू नका. वस्तू परत करायची वेळ आली, तर कार्डाने दिलेला भाग साधारणपणे कार्डावरच परत येतो. आमच्या फ्रिजच्या बिलात १०,००० कार्डाचे आणि ८,४९० यूपीआयचे असे दोन भाग आहेत. नंबर आणि पिनच हाताशी नसेल, तर त्या १०,००० साठी पुन्हा त्याच कस्टमर केअरच्या दारात उभं राहावं लागेल.