शनिवार रात्रीचं बीपी

परळच्या आमच्या डॉक्टरांकडे बीपी १४८/९४ आलं. गोळी लगेच न देता त्यांनी सांगितलं, "घरी मशीन आहे ना? सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा. आधी अर्धा तास चहा-सिगारेट नको, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा आणि हात छातीच्या पातळीला ठेवा. दोनदा मोजून लिहा. पहिला दिवस धरू नका."

मी वही घातली. आठवड्यातून चार रात्री तीन-तीन पेग व्हायचे, म्हणून शनिवारी पिऊन झोपण्याआधी मुद्दाम मोजलं, तर १२४/७८! दारूने बीपी उतरतं, असं मला वाटलं. रविवारी सकाळी मात्र तेच १४९/९५ निघालं.

डॉक्टरांनी वही बघून उलगडा केला. दारूने आधी रक्तवाहिन्या सैलावतात, त्यामुळे काही तास बीपी खाली राहतं. नंतर, साधारण बारा तासांनी, ते वर चढतं. आठवडाभर असंच चालू राहिलं की सकाळचं बीपी कायम चढलेलं दिसतं. रात्रीच्या आकड्यावर विसंबलो असतो तर फसलो असतो.

सिगारेटचा परिणाम लगेच दिसला. ऑफिसखालच्या टपरीवर सिगारेट ओढून पाच मिनिटांत मोजलं तर १५४, अर्ध्या तासाने १४१. दवाखान्यात तासभर थांबलेल्या माणसात ही उसळी दिसतच नाही, पण दिवसाला दहा सिगारेटी म्हणजे दहा उसळ्या. शिवाय धुराने धमन्या ताठ होतात, ते नुकसान मशीनवर दिसत नाही.

चहा-कॉफीचं मला जास्त भय होतं, कारण मी कडक उकळलेल्या चहाचे पाच कटिंग घेतो. पण चहानंतर माझा आकडा दोन-तीनच वाढला. माटुंग्याला फिल्टर कॉफी प्यायलो, तेव्हाही तितकाच. बायको चहा-कॉफी घेत नाही. तिचं मात्र त्याच कॉफीनंतर तासाभरात ११६ वरून १२५ झालं. रोजच्या कॅफिनची शरीराला सवय होते, आणि बेताच्या चहा-कॉफीने वर्षानुवर्षांत बीपी वाढत गेल्याचं सहसा दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

म्हणून मी आधी दारू सोडली. (जे रोज भरपूर पितात, त्यांनी एकदम तोडू नये, हात थरथरतात, झटकेही येऊ शकतात. डॉक्टरांना विचारूनच कमी करावी.) चार आठवड्यांनी पुन्हा सात दिवस मोजलं. आधीची सरासरी १४२/९० होती, आता १३३/८३ आली. घरच्या मोजणीत १३५/८५ ची रेघ धरतात, तिच्या जेमतेम खाली. गोळी तूर्त टळली आहे. आता सिगारेट सोडायचा प्रयत्न सुरू आहे. त्याने मशीनवरचा आकडा फारसा नाही उतरला तरी हृदयाचा धोका उतरेल, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय. दोन महिन्यांनी वही घेऊन पुन्हा जायचंय.