तीन ओळी की तीन स्क्रीन

मी जोडप्यांचं समुपदेशन करते. त्या दिवशीचं सत्र एका नवऱ्याचं एकट्याचं होतं. एरवी दोघं जोडीने येतात. आल्याआल्या त्याने फोन माझ्यापुढे धरला. "मॅडम, रात्री बसून लिहिलंय. एकदा वाचा, मग पाठवतो." (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

भांडण असं होतं. तिच्या वडिलांचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जायचं ठरलं होतं. तो मीटिंगमध्ये अडकला, फोन सायलेंटवर राहिला आणि ती एकटीच गेली. संध्याकाळी "तुला माझ्या माणसांचं काही पडलेलंच नाही" इथून सुरू झालेलं प्रकरण "तू प्रत्येक गोष्टीचा बाऊ करतेस" इथपर्यंत गेलं. सकाळी दोघं न बोलता आपापल्या कामाला निघून गेली.

मेसेज तीन स्क्रीन भरून होता. असा मेसेज समोर आला की मी कागदावर चार रकाने आखते: मी काय केलं, त्याचा तुला काय त्रास झाला, मी तसं का केलं, आणि तू काय केलंस. मग एकेक वाक्य ज्याचं त्यानेच रकान्यात टाकायचं. त्याची वाक्यं भरली अठ्ठावीस. त्यातली पंधरा कारणांची होती, आठ तिच्या आवाजाबद्दल आणि मागच्या चुकांबद्दल. तीन वाक्यं कुठल्याच रकान्यात बसेनात, "आपलं नातं एवढं कमकुवत आहे का" छापाची. उरलेली दोन माफीची, आणि त्यातलं एक "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" असं. डॉक्टरांसमोर ती एकटी बसली होती, याबद्दल अख्ख्या मेसेजमध्ये अवाक्षर नव्हतं. त्रासाचा रकाना कोराच राहिला.

ताज्या भांडणात लांब मेसेज बहुतेक वेळा असाच होतो, कारण लिहिताना लिहिणाऱ्याचं मन हलकं होत असतं. प्रामाणिकपणे लिहिलेला असतो, म्हणून तर तो पाठवावासा वाटतो. वाचणाऱ्याच्या हाती मात्र अठ्ठावीस वाक्यं पडतात आणि रागात माणूस त्यातलं नेमकं सगळ्यात लंगडं वाक्य उचलून त्यावर उत्तर देतो. समोरासमोर बोलताना तिचा चेहरा बघून तो दुसऱ्या वाक्यालाच थांबला असता; लिहिताना थांबवणारं कोणी नसतं. शिवाय आपण लिहिलेलं आपल्याला आपल्याच मऊ आवाजात ऐकू येतं. क्रूगर, एप्ली आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये ईमेलवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपला सूर वाचणाऱ्याला बरोबर कळेल अशी लिहिणाऱ्यांना जेवढी खात्री होती, त्या मानाने तो पुष्कळ कमी कळला होता.

तिला मेसेज पोहोचणार होता ऑफिसात, भर कामात. नोटिफिकेशनमध्ये दिसतात फक्त सुरुवातीच्या ओळी. त्याची पहिली ओळ होती, "कालच्या प्रकाराबद्दल मला काही गोष्टी स्पष्ट करायच्या आहेत." ही तर नोटीस झाली! उघडला की निळ्या टिका दिसणार. मग एक तर लगेच उत्तर द्या, नाहीतर 'बघूनही गप्प बसली' हा नवा मुद्दा तयार.

म्हणून आधी छोटा मेसेज, असं ठरलं. त्याचा पहिला मसुदा: "सॉरी, चुकलं. रात्री बोलू." लहान आहे, पण पोकळ आहे. काय चुकलं ते नाही, आणि "रात्री बोलू" हे भांडणाच्या दुसऱ्या दिवशी धमकीसारखं वाचलं जातं. दोन-तीनदा खोडून शेवटी हे उरलं:

"काल बाबांच्या रिपोर्टच्या वेळी तुला एकटीला बसावं लागलं. येतो म्हणून मी आलो नाही, फोनही केला नाही. 'बाऊ करतेस' म्हणालो तेही चूक होतं. सॉरी. आत्ता उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. रात्री जेवण झाल्यावर तू सांग, मी ऐकतो."

पहिलंच वाक्य तिच्याबद्दल, म्हणजे मेसेज न उघडताही नोटिफिकेशनमध्ये तेवढं पोहोचतं. कृती नेमकी सांगितली आहे. तोंडून गेलेला शब्द नाव घेऊन परत घेतला आहे. उत्तराचं ओझं काढून टाकलं आहे आणि वेळ दिली आहे. त्याला "मीटिंग अचानक लागली" एवढं तरी घालायचंच होतं. कारण खरं होतं, पण माफीला चिकटलं की ते 'पण' होऊन बसतं, मग 'पण' लिहा किंवा लिहू नका. तिने विचारेपर्यंत ते राखून ठेवायचं. हसरी इमोजीही काढायला लावली.

थोड्या वेळाने उत्तर आलं: "वाचलं." तो लगेच अस्वस्थ. "एवढंच? मग आता सगळं नीट लिहून पाठवू का?" घसरायची जागा हीच. थंड उत्तर आलं की घाबरून लांब मेसेज जातो आणि छोट्याने कमावलेलं पुसलं जातं. शरीर तापलेलं असताना डोक्यात काही शिरत नाही. जोडप्यांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या कामात नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की ही अवस्था मानतात आणि निवायला किमान 20 मिनिटं देतात. कामाच्या जागी ती वीस मिनिटं मिळतीलच असं नाही. "वाचलं" म्हणजे दार आपटलेलं नाही, एवढंच धरायचं. रात्री तिने स्वतःच विचारलं, "एक मेसेजही टाकता आला नाही?" मीटिंगचं कारण तेव्हा दोन वाक्यांत सांगून झालं.

पुढच्या जोडीच्या सत्रात मात्र ती म्हणाली, "हा दर वेळी दोन ओळींत मिटवतो." तिच्या माहेरच्या कामांना तो आयत्या वेळी गळतो, हे आधीही झालेलं होतं. घटना एक असेल तर छोटा मेसेज पुरतो. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा होत असेल तर तोच छोटा मेसेज टाळाटाळ ठरतो. तिथे लांब लिहायचं, पण दोघं शांत झाल्यावर आणि "लिहून देऊ का?" असं विचारून.

माझं माप दीड-दोनशे शब्दांचं आणि एकाच विषयाचं. सुरुवात तिच्या बाजूने, शक्यतो तिच्याच शब्दांत. कारणाला दोन वाक्यं, जास्त नाहीत. शेवटी काय बदलणार, ते तारखेसकट. लिहायचं नोट्समध्ये, चॅटच्या चौकटीत नाही. चुकून अर्धवट जात नाही आणि समोरच्याला 'टाइप करत आहे' हे बराच वेळ दिसत राहत नाही. रात्री लिहून सकाळी मुद्दाम कडवट आवाजात मोठ्याने वाचायचं. जे वाक्य त्या आवाजात टोमणा वाटेल ते काढायचं. मागाहून दुरुस्त करू, या भरवशावर राहू नये: व्हॉट्सअ‍ॅपवर ती सोय 15 मिनिटांपुरतीच आहे आणि बदलल्याची खूण राहते. डिलीट केलं तर त्याचीही खूण राहते, आणि काय लिहिलं होतं हा संशय मूळ मजकुरापेक्षा वाईट.

नात्यात मारहाण किंवा धाक असेल तर मात्र ही मापं लागू नाहीत. तिथला गोड लांब मेसेज बहुतेकदा परत ओढून घेण्याचा मार्ग असतो; त्याच्या शब्दरचनेवर मी काम करत नाही.

या दोघांच्या बाबतीत लांब मेसेज दोन आठवड्यांनी गेला. शेवटी त्याने बाबांच्या पुढच्या तपासणीची तारीख आणि वेळ लिहिली होती आणि त्या दिवशीची अर्धी रजा आधीच टाकल्याचं कळवलं होतं. तिचं उत्तर आलं: "अकरा नाही, साडेदहा." त्याने काही स्पष्टीकरण न देता वेळ दुरुस्त केली.