एक पद गाळा आणि वाक्य वाचा

"बाई, समास झटकन ओळखायची एखादी ट्रिक सांगा ना. विग्रह करत बसायला परीक्षेत वेळच नसतो."

ट्रिक मागितली की पूर्वी मी चिडायची. आधी विग्रह करा, मग बोला, एवढंच माझं उत्तर असे. आज मी तसं म्हणत नाही. विग्रहाला पर्याय सापडला म्हणून नव्हे. विग्रह करायला सांगितला की मुलं आधी समासाचं नाव आठवतात आणि त्या नावाला शोभेल असा विग्रह रचतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. 'नीलकंठ' दिसला की बहुव्रीही आठवतो आणि मग 'निळा आहे कंठ ज्याचा तो' हे वाक्य ओठांवर येतं. हे ओळखणं नाही, ही आठवण आहे. यादीबाहेरचा शब्द आला की ती संपते.

म्हणून मी आता विग्रहाच्याही आधी दोन प्रश्न विचारायला सांगते. त्यासाठी शब्द वाक्यात हवा. नुसता शब्द दिला असेल तर वाक्य तुम्ही करा, त्याला काही सेकंद पुरतात.

पहिला प्रश्न: हा अख्खा शब्द वाक्यात कसं, कधी, कुठे किंवा किती यांपैकी कशाचं उत्तर देतो का, आणि तेही कुठलाही प्रत्यय न घेता? 'तो यथाशक्ती मदत करतो.' किती मदत? यथाशक्ती. 'ती गावोगाव हिंडली.' कुठे? गावोगाव. उत्तर 'हो' आलं की अव्ययीभाव, पुढे जायचं कारण नाही. हा प्रश्न आधीच विचारायचा, कारण 'तो दररोज येतो' यातला 'दर' गाळला तरी 'तो रोज येतो' हे वाक्य नीट उभं राहतं आणि पुढची कसोटी तुम्हाला भलतीकडे नेते.

दुसरा प्रश्न हीच खरी कसोटी. एक पद गाळा आणि वाक्य वाचा. मग दुसरं गाळून वाचा. कुठलं वाक्य खरं राहतं? क्रियापद लिंग-वचनाप्रमाणे बदलावं लागलं तर बदला.

'राजवाडा जळाला.' वाडा जळाला, हे खरं. राजा जळाला, हे खोटं. दुसरं पद टिकलं, म्हणजे तत्पुरुष. 'आईवडील आले.' आई आली, खरं. वडील आले, तेही खरं. दोन्ही टिकली, म्हणजे द्वंद्व. 'नीलकंठ प्रसन्न झाला.' कंठ प्रसन्न झाला नाही आणि नुसता निळा रंगही प्रसन्न झाला नाही. एकही टिकलं नाही, प्रसन्न झाला तो तिसराच, म्हणजे बहुव्रीही.

पुस्तकात 'प्रधान पद' म्हणतात ते हेच, मी वेगळं काही सांगत नाही. पण 'कोणतं पद प्रधान आहे?' असं विचारलं की मुलं गोंधळतात, कारण प्रधान म्हणजे महत्त्वाचं असं त्यांना वाटतं आणि राजा वाड्यापेक्षा केव्हाही महत्त्वाचाच! 'जळालं काय?' या प्रश्नाला मात्र कुणी चुकीचं उत्तर देत नाही.

आता ज्या प्रसंगानंतर मी हे असं शिकवू लागले, तो सांगते. माझी एक विद्यार्थिनी बाहेर एक सराव परीक्षा द्यायला गेली होती. प्रश्न होता: 'पुजारी पीतांबर नेसून गाभाऱ्यात गेला. अधोरेखित शब्दाचा समास ओळखा.' तिने कर्मधारय लिहिलं. उत्तरसूचीत बहुव्रीही होतं. गुण कापले गेले.

ती माझ्याकडे आली तेव्हा चिडलेली नव्हती, घाबरलेली होती. "बाई, मी सगळं चुकीचं शिकलेय का?" असं तिने विचारलं. मी तिला पद गाळून वाचायला लावलं. पुजारी अंबर नेसून गाभाऱ्यात गेला. अंबर म्हणजे वस्त्र, वाक्य खरं. पुजारी पीत नेसून गेला, याला अर्थ नाही, पीत हा रंग आहे. दुसरं पद टिकलं. मग त्या टिकलेल्या पदालाच विचारायचं: अंबर कसं? पिवळं. पहिलं पद विशेषण, दुसरं विशेष्य, म्हणजे कर्मधारय. हा तत्पुरुषाचाच प्रकार. बहुव्रीही धरला तर पीतांबर म्हणजे विष्णू, आणि पुजारी विष्णू नेसून गाभाऱ्यात गेला असं म्हणावं लागेल.

हे सगळं घेऊन मी परीक्षा घेणाऱ्यांना भेटले. उत्तरसूची करणारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मॅडम, पीतांबर बहुव्रीहीच्या यादीत आहे." मी म्हटलं, यादीत तो विष्णूचं नाव म्हणून आहे. 'पीतांबर भक्तांवर प्रसन्न झाला' असं वाक्य तुम्ही दिलं असतंत, तर तुमचं उत्तर बरोबर होतं. तिथे अंबर प्रसन्न होत नाही, पीतही होत नाही, पिवळं वस्त्र नेसलेला देव प्रसन्न होतो. शब्द तोच आहे, पण समास शब्दाला चिकटलेला नसतो, त्या वाक्यातल्या अर्थाला असतो. ते म्हणाले, "इतका विचार करायला शिकवलंत तर मुलांचा पेपर पुरा होणार नाही." गुण बदलले नाहीत.

मला राग आला होता आणि तो अजून आहे. सूची चुकते, तो प्रश्न नाही. वाक्य दिलं, शब्द अधोरेखित केला आणि मग वाक्य वाचणाऱ्या मुलीलाच शिक्षा केली, याचा तो राग आहे. वाक्याशी काही देणंघेणं नव्हतं तर ते छापलंच कशाला? त्या मुलीने त्यानंतर याद्या पाठ करायला घेतल्या. मी तिला थांबवू शकले नाही. "परीक्षेत काय लिहू ते सांगा" या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे तिला धीर देईल असं उत्तर नव्हतं.

तरीही त्या गृहस्थांचं एक म्हणणं मी टाकून देत नाही. वेळ लागतो हे खरं आहे, आणि माझी कसोटी सगळीकडे चालत नाही हेही खरं आहे. कुठे अडते ते मीच सांगते.

'त्याने विद्याधन मिळवलं.' धन मिळवलं, खरं. विद्या मिळवली, तेही खरं. दोन्ही टिकली, मग द्वंद्व? नाही. इथे एक प्रश्न वाढवावा लागतो: मिळवलेल्या गोष्टी किती? आईवडील दोन माणसं आहेत. विद्या आणि धन इथे दोन नाहीत, विद्या हेच धन. गोष्ट एकच आणि नावं दोन, म्हणून कर्मधारय. दोन्ही पदं टिकली की मोजल्याशिवाय द्वंद्व लिहायचं नाही, हे मी आता सक्तीने सांगते.

मोजूनही द्वंद्वच ठरला, तर पुढचा प्रकार ठरवताना 'विरुद्ध अर्थाचे शब्द दिसले की वैकल्पिक' ही ट्रिक सर्रास चालते. ती सोडा. 'सभेला स्त्रीपुरुष जमले' यात जोडी विरुद्ध आहे, पण स्त्रियाही आल्या आणि पुरुषही आले. हा इतरेतर, मध्ये 'आणि'. 'त्यातलं खरंखोटं कुणाला माहीत?' यात एकच गोष्ट खरी आणि खोटी दोन्ही असणार नाही, मध्ये 'किंवा' बसतं. हा वैकल्पिक. तेव्हा विचारायचं ते असं: दोन्ही एकदम खरी आहेत, की दोहोंपैकी एक? आणि 'पाहुण्यांचं चहापाणी झालं' असं वाक्य आलं तर तिसरं विचारा: एवढंच, की बरोबर आणखीही काही? चहा, पाणी आणि फराळाचं वगैरे, असा 'वगैरे' मनात आला की समाहार.

तत्पुरुषाच्या पोटात विभक्ती ओळखायची तर प्रश्न नेहमी मागून पुढे टाका. टिकलेल्या पदाला विचारा, पहिल्या पदाने उत्तर द्यायचं. मुक्त कशातून? ऋणातून: ऋणमुक्त, पंचमी. पाट कशासाठी? पोळीसाठी: पोळपाट, चतुर्थी. पाठ कशाने? तोंडाने: तोंडपाठ, तृतीया. पण 'देवघर' घ्या. घर कोणाचं? देवाचं. घर कोणासाठी? देवासाठी. दोन्ही उत्तरं सरळ येतात. पुस्तकं साधारणपणे 'देवाचे घर' म्हणून षष्ठी सांगतात, मीही तेच लिहायला सांगते, पण चतुर्थी लिहिणाऱ्याला अर्थ कळलाच नाही असं मी म्हणणार नाही.

आणि जिथे मी स्वतःच अडते ते उदाहरण 'अन्याय'. 'त्याच्यावर अन्याय झाला.' पहिलं पद गाळलं की उरतं 'न्याय झाला', म्हणजे अगदी उलट. कसोटीप्रमाणे दुसरं पद टिकलं नाही, तरी समास नञ् तत्पुरुषच. माझी जुनी भूमिका इथे मला टोकते: बघ, विग्रहच करायला सांगायचा होतास. मी तिला सांगते की 'अनाथ' तरी विग्रहाने एकदम सुटतो का? 'नाथ नाही तो' असा विग्रह करून त्याला 'अन्याया'च्या शेजारी बसवणारी मुलं मी पाहिली आहेत. तिथे वाक्यच लागतं. 'अनाथ रडत होता.' रडणारा नाथ नव्हे आणि नाथाचा अभावही नव्हे, ज्याला नाथ नाही असा तिसराच कुणी. म्हणून बहुव्रीही. अन्यायात मात्र तिसरं कुणी नाही, आहे तो न्यायाचा अभाव. तेव्हा 'अ', 'अन्', 'न', 'ना' असं नकाराचं पद आलं की गाळायचं नाही, 'यात तिसरं कुणी आहे का?' एवढंच विचारायचं.

ही पुरवणी जोडली की कसोटी पहिल्यासारखी सुटसुटीत राहत नाही, हे मला दिसतं. पण पदाच्या प्राधान्यावरून समास वाटण्याचा मूळ नियमही सरसकट लागू पडत नाही, तो बहुतांशी खरा आहे इतकंच, असं संस्कृतचे वैयाकरण भट्टोजी दीक्षित यांनीही नोंदवलं आहे.

आता त्या मुलीचा प्रश्न. वाक्याशिवाय नुसता 'पीतांबर' आला तर बहुव्रीही लिहा, तो शब्द अनेकदा नाव म्हणून विचारलेला असतो. वाक्य दिलं असेल तर पद गाळून वाचा आणि जे येईल ते लिहा. सूची वेगळं म्हणाली तर हरकत घ्या, आणि हरकतीत गाळून वाचलेली दोन्ही वाक्यं लिहा. गुण मिळतीलच, असं मी सांगू शकत नाही.