रोजकीर्द ते वार्षिक अहवाल: कुठवर आलो

नोंदी जमायला लागल्यावर थेट कंपनीचा अहवाल उघडायचा मोह होतो. मी आधी एक काल्पनिक मसाल्याचं दुकान वहीत चालवलं, आणि पुढचं बरंचसं त्याच्याच जोरावर कळतंय.

५०,००० रुपये रोख भांडवल. ४०,००० चा माल रोखीने घेतला. तो सगळा ६०,००० ला विकला, पण त्यातले २०,००० च रोख मिळाले, बाकी उधारी. भाडं ५,००० रोख. रोजकीर्द, खतावणी, मग तेरीज: नावे बाजूला रोख २५,०००, ऋणको ४०,०००, खरेदी ४०,०००, भाडं ५,०००. जमा बाजूला भांडवल ५०,००० आणि विक्री ६०,०००. दोन्हीकडे १,१०,०००. (तेरीज जुळली म्हणजे सगळं बरोबर असं नाही. भाडं चुकून खरेदी खात्यात टाकलं तरी ती जुळतेच.)

नफा १५,०००. ताळेबंदात रोख आणि येणी मिळून ६५,०००, समोर भांडवल अधिक नफा तेवढाच. आणि गल्ला? ५०,००० वरून २५,००० वर. नफा झाला आणि पैसे निम्मे झाले!

म्हणून घसारा, तरतुदी वगैरे शिकल्यावर गुणोत्तरांकडे न वळता मी रोख प्रवाह पत्रक घेतलं. कंपन्या ते बहुधा करपूर्व नफ्यापासून सुरू करतात. आपल्या दुकानाचं (कर सोडून) तसंच मांडलं तर नफा १५,०००, त्यातून वाढलेली येणी ४०,००० वजा, म्हणजे व्यवसायातून रोख उणे २५,०००. गल्ल्यातली घट बरोबर तेवढीच. हे स्वतःच्या हाताने एकदा मांडलं की अहवालातली ‘ट्रेड रिसिव्हेबल्स’मधल्या बदलाची ओळ परकी वाटत नाही.

आता अहवाल. पहिलाच बँकेचा किंवा विमा कंपनीचा नको. बँकेत लोकांच्या ठेवी हे देणं आणि दिलेली कर्जं ही मालमत्ता, शिवाय पत्रकांचा साचाही निराळा. एखादी साधी उत्पादक कंपनी बरी. अध्यक्षांचं रंगीत निवेदन मी शेवटी ठेवतो. आधी लेखापरीक्षकांचं मत पाहतो. ते ‘क्वालिफाइड’ असेल तर आक्षेप कशावर आहे ते वाचून मगच आकड्यांकडे. मग नफा आणि व्यवसायातून आलेली रोख शेजारी शेजारी, निदान चार-पाच वर्षांची. एका वर्षाच्या फरकावरून काही ठरवू नये, वाढत्या धंद्यात उधारी वाढतेच.

फरक सतत राहिला तर येण्यांची टीप काढायची. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ मध्ये २०२१ साली बदल झाला, तेव्हापासून येणी किती जुनी आहेत ते द्यावं लागतं: सहा महिन्यांच्या आतली, मग टप्प्याटप्प्याने तीन वर्षांवरची. विक्री जेमतेम वाढतेय आणि जुन्या रकान्यांतले आकडे फुगतायत, तर नफ्यातला काही भाग अजून गिऱ्हाइकाच्याच खिशात आहे. बुडीत येण्यांसाठीची तरतूद त्या मानाने वाढली का, तेही तिथेच दिसतं.

सध्या स्वतंत्र पत्रकांवरच आहे. उपकंपन्या धरून केलेली एकत्रित पत्रकं यानंतर.